ती धाव चपळ होती की घाईची?

फलंदाजाने चेंडू हलक्या हाताने मिडऑफकडे ढकलला आणि दोघेही पळाले. क्षेत्ररक्षकाचा थ्रो यष्ट्यांना चुकवून गेला, तर समालोचक म्हणतो, ‘काय चपळाईने धाव चोरली!’ तोच थ्रो यष्ट्यांवर बसला, तर तोच समालोचक म्हणतो, ‘एवढी घाई करायची काय गरज होती?’ दोन्ही वेळा फलंदाज सारख्याच वेगाने पळाला, सारख्याच क्षणी निघाला आणि अंतरही तेवढंच होतं. फरक पडला तो थ्रोच्या दिशेत, तोही चार-दोन इंचांचा. तेवढ्यावर एका माणसाची चपळाई ही घाई झाली.

क्रिकेटच्या मराठी समालोचनाबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. वेगाचे शब्द दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचे शब्द डोळ्यांना दिसलं ते सांगतात: जलद, वेगवान, झटकन, सपकन, भराभर. दुसऱ्या जातीचे शब्द न्यायनिवाडा करतात: घाई, उतावीळपणा, आततायीपणा आणि स्तुतीच्या बाजूने चपळाई, चलाखी, समयसूचकता. पहिल्या जातीचे शब्द चेंडू हलतो त्या क्षणी बोलता येतात. दुसऱ्या जातीच्या शब्दांना मात्र कारण द्यावं लागतं. आपल्याकडे हे कारण जवळपास नेहमी निकालातून उचललेलं असतं. गडी बाद झाला म्हणजे घाई, वाचला म्हणजे चपळाई. ऐकणाऱ्याला यातून खेळाविषयी नवं काहीच कळत नाही, कारण निकाल त्याला दिसलेलाच असतो.

हे आत्ता बोलायचं कारण असं की मराठी समालोचनाला आता मोठा श्रोता मिळाला आहे. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांनी ते रुजवलं तेव्हा खेळ दिसत नव्हता, कान हेच डोळे होते. २०२३ पासून जिओसिनेमाने आयपीएलचे सामने मराठी समालोचनासह दाखवायला सुरुवात केली आणि माजी खेळाडूंपासून नटांपर्यंत बरीच मंडळी त्या खुर्चीत बसली. केदार जाधव तर त्याच हंगामात मराठी समालोचन करता करता डेव्हिड विलीच्या जागी बंगळुरूच्या संघात परत गेला. म्हणजे खेळ आतून ओळखणारी माणसं मराठीत बोलत आहेत. त्यांच्याकडे ज्ञान भरपूर आहे. ते ज्ञान ‘काय घाई केली!’ या तीन शब्दांत आटून जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घाई म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवावं लागेल. वेग हा अंतर आणि वेळ यांचा हिशेब आहे. घाईचा हिशेब वेगळा आहे. हातात जेवढा वेळ होता त्यापेक्षा कमी वेळात काम उरकलं आणि त्यात काम बिघडलं, की ती घाई. म्हणून एखाद्याने घाई केली असं म्हणायचं तर त्याच्या हातात किती वेळ होता, हे आधी सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर तो शब्द वापरू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

हा हिशेब कुठे सर्वात जास्त चुकतो? फलंदाज चेंडूवर चुकतो तिथे. वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटर वेगाने चेंडू टाकला, म्हणजे सेकंदाला साधारण ३९ मीटर. दोन्ही टोकांच्या क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर. वाटेत हवा आणि टप्पा दोन्ही वेग खातात हे धरलं तर फलंदाजाला मिळतो जवळपास अर्धा सेकंद. आता त्याच गोलंदाजाने हाताची हालचाल तशीच ठेवून ११५ किलोमीटरचा हळू चेंडू सोडला, तर तो साधारण एक दशांश सेकंदाने उशिरा पोहोचतो. फलंदाजाने आधीच्या अंदाजाने बॅट फिरवली असेल तर चेंडू येण्याआधीच बॅट पुढे निघून गेलेली असते आणि झेल वर उडतो. इथे ‘घाई झाली’ म्हणणं अगदी बरोबर आहे, कारण वेळ होता आणि फलंदाजाने तो वापरला नाही. खरं तर त्याला तो वेळ आहे हे कळू न देणं हीच गोलंदाजाची करामत होती आणि श्रेय तिकडे द्यायला हवं.

आता उलट बाजू बघा. १४८ किलोमीटरचा चेंडू छातीच्या उंचीवर येतो, फलंदाज पुल मारायला जातो, बॅट पोहोचायच्या आत चेंडू ग्लोव्हला लागून यष्टिरक्षकाकडे जातो. इथेही मी ‘घाईचा फटका’ असं अनेकदा ऐकलं आहे. पण इथे झालं नेमकं उलटं. फलंदाजाला उशीर झाला. त्याने घाई केली असती तर कदाचित वाचला असता. एक फलंदाज चेंडूच्या आधी पोहोचला, दुसरा नंतर, आणि दोघांच्याही कपाळी आपण एकच शब्द चिकटवला. ऐकणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाने यातून काय शिकायचं? नेटमध्ये त्याचा पुल चुकेल तेव्हा तो आणखी सावकाश खेळायला बघेल आणि आणखी उशीर करेल.

मराठीत या दोन गोष्टींसाठी सरळ, रोजची बोली आहे. ‘फटका आधीच खेळून बसला’ आणि ‘चेंडूला पोहोचेपर्यंत उशीर झाला’. त्याहून चांगलं वाक्य मैदानावर ऐकायला मिळतं: ‘त्याने वेळच दिला नाही.’ यात वेग गोलंदाजाच्या नावावर जमा होतो आणि फलंदाजावर विनाकारण ठपका येत नाही. जसप्रीत बुमरासाठी तर हेच वाक्य वापरायला हवं. त्याचा रन-अप आखूड, त्यामुळे वेगाची चाहूल लागत नाही. शिवाय चेंडू सोडताना त्याचा हात इतरांपेक्षा बराच पुढे असतो, त्यामुळे चेंडूला कापायचं अंतरच कमी उरतं. पडद्यावर १४० दिसतात पण फलंदाजाला ते जास्त वाटतात. समोरचा गडबडतो तेव्हा ती त्याची घाई नसते, त्याच्याकडून हिरावून घेतलेला वेळ असतो.

पडद्यावरच्या आकड्याबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. वेगमापक यंत्र दाखवतं तो वेग चेंडू हातातून सुटतानाचा असतो. त्यानंतर चेंडू मंदावतच जातो, टप्पा पडताना तर चांगलाच. तरीही ‘टप्पा पडल्यावर चेंडूने वेग घेतला’ हे वाक्य समालोचनात सर्रास ऐकू येतं. वेगवान गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडून वेग घेत नाही. होतं एवढंच की एखादा चेंडू खेळपट्टीवर अडकण्याऐवजी सरकतो, त्यामुळे आधीच्या चेंडूंपेक्षा कमी मंदावतो आणि थोडा खाली राहतो. आधीच्या चार चेंडूंवरून अंदाज बांधलेला फलंदाज चुकतो. ‘टप्पा पडून सरकत आला’ म्हटलं की हे सगळं त्यात येतं आणि ते खरंही असतं. समालोचकाने भौतिकशास्त्र शिकवावं असं माझं म्हणणं नाही. पण दोन वाक्यं सारख्याच लांबीची असतील तर त्यातलं खरं वाक्य निवडावं.

फलंदाजी सोडून धावण्याकडे येतो, कारण चपळाई आणि घाई यांची अदलाबदल तिथे सर्वात उघडी पडते. एक उदाहरण नीट उलगडून बघू. १० जुलै २०१९, मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड, विश्वचषकाची उपांत्य फेरी. पावसामुळे सामना दुसऱ्या दिवशी गेलेला. न्यूझीलंडविरुद्ध भारताला २४० धावा हव्या होत्या. जडेजा बाद झाला, ४८ षटकं संपली तेव्हा १२ चेंडूंत ३१ धावांची गरज होती. पुढचं षटक लॉकी फर्ग्युसनचं. पहिल्या चेंडूवर धोनीने षटकार मारला. दुसऱ्यावर धाव नाही. आता १० चेंडूंत २५. तिसरा चेंडू आखूड होता, धोनीने तो लेग साइडला ढकलला, एक धाव पूर्ण केली आणि दुसरीसाठी वळला. मार्टिन गप्टिल पळत पुढे आला, चेंडू उचलला आणि थेट यष्ट्यांवर मारला. धोनी क्रीजपासून काही इंच दूर होता. ७२ चेंडूंत ५० वर तो बाद झाला आणि भारत १८ धावांनी हरला.

त्या धावेला काय म्हणायचं? तेव्हापासून आजपर्यंत मी तीन उत्तरं ऐकत आलो आहे. कोणी म्हणतं घाई केली, एकच धाव घ्यायची. कोणी म्हणतं वय झालं होतं, पाय मंदावले. कोणी म्हणतं गप्टिलची चपळाई. हिशेब मांडून बघू या. दुसऱ्या टोकाला भुवनेश्वर कुमार नुकताच आला होता. धोनीने एकच धाव घेतली असती तर ९ चेंडूंत २४ धावा हव्या असताना पुढचा चेंडू भुवनेश्वरला खेळावा लागला असता. एकाच धावेवर थांबून फायदा काहीच नव्हता. दोन धावा निघाल्या असत्या तर ९ चेंडूंत २३ आणि समोर धोनी. म्हणजे दुसऱ्या धावेची गरज परिस्थितीने निर्माण केली होती. धोनीने वेळ असताना धडपड केली नाही, वेळ नव्हता म्हणून धोका पत्करला. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता पायांचं. दोन धावा म्हणजे साधारण ३५ मीटर, त्यात मध्ये पूर्ण थांबून उलट दिशेला वळणं. चांगला धावणारा फलंदाज हे सहा-सात सेकंदांत करतो. धोनी या वळण्याच्या बाबतीत आयुष्यभर अव्वल होता, बॅट लांब करून टेकवायची, खाली वाकूनच वळायचं आणि पहिल्या दोन पावलांतच वेग गाठायचा. त्या दिवशीही तो फार मागे राहिला नाही, काही इंचच. गप्टिल बाजूच्या कोनातून मारत होता, तिथून त्याला जेमतेम एक यष्टी दिसत असणार. तो थ्रो यष्टीला न लागता बाजूने गेला असता तर आपल्याकडे प्रत्येक माध्यमाने धोनीच्या धावण्याची वाहवा केली असती. म्हणून या प्रसंगासाठी घाई हा शब्द चुकीचा, मंद हाही चुकीचा. ‘गरजेपोटी घेतलेली धोक्याची धाव आणि अप्रतिम थेट फेक’ हे त्या चेंडूचं खरं वर्णन आहे. आणि हे वर्णन थ्रो लागो वा चुको, दोन्ही वेळा खरंच राहतं. फक्त ‘अप्रतिम’ ऐवजी ‘थोडक्यात हुकलेली’ म्हणावं लागतं. निकालाने वर्णनाचं शेपूट बदलावं, पोट बदलू नये.

याच धोनीबद्दल चपळ हा शब्द कुठे अचूक बसतो, तेही सांगतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्नवर वेस्ट इंडीजविरुद्ध रवींद्र जडेजाच्या चेंडूवर त्याने कीमो पॉलला यष्टिचीत केलं. चेंडू हातात आल्यापासून बेल्स उडेपर्यंत ०.०८ सेकंद लागल्याचा आकडा तेव्हा सगळीकडे झळकला. इथे पायांचा वेग नाही, अंतरही नाही. बहुतेक यष्टिरक्षक चेंडू घेताना हात थोडे मागे नेतात, मग पुढे आणतात. धोनी चेंडू घेताना हात मागे नेतच नसे, घेता घेताच यष्ट्यांकडे वळवत असे. एक अख्खी हालचाल त्याने गाळून टाकली होती. चपळाई म्हणतात ती हीच: तेच काम कमी हालचालीत. त्याला ‘वेगवान यष्टिचीत’ म्हटलं की बघणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे जातं, हातांकडे जात नाही, आणि शिकण्यासारखं जे होतं ते निसटतं.

आता त्या शब्दाकडे येऊ ज्याने मला सर्वात जास्त अस्वस्थ केलं आहे: आततायी. ‘आततायी फटका मारून बाद’ हे वाक्य वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवरून समालोचनात आलं आणि ठाण मांडून बसलं. आपल्या परंपरेत आततायी म्हणजे घराला आग लावणारा, विष देणारा, शस्त्र घेऊन जीव घ्यायला धावणारा. आज त्याचा अर्थ सौम्य होऊन अविचारी इतकाच उरला आहे हे मान्य. पण ठपका म्हणून तो अजूनही फार जड आहे, आणि तो आपण चेंडू सीमेपार गेल्यावर कधीच वापरत नाही. सीमेपार गेला की तोच फटका धडाकेबाज.

याबाबतीत ऋषभ पंतचे दोन प्रसंग बघण्यासारखे आहेत. डिसेंबर २०२४, मेलबर्न कसोटी. ऑस्ट्रेलियाच्या ४७४ धावांना उत्तर देताना भारत अडचणीत होता, पंत २८ वर होता. स्कॉट बोलंडच्या चेंडूवर त्याने पडत-झडत मागे उचलून मारायचा प्रयत्न केला, बॅटची कड लागून चेंडू वर उडाला आणि डीप थर्डमॅनला नॅथन लायनने झेल घेतला. इंग्रजी समालोचन करणाऱ्या सुनील गावसकरांनी तीन वेळा ‘स्टुपिड’ म्हटलं आणि ते शब्द देशभर गाजले. मग जून २०२५ मध्ये हेडिंग्लेला पंतने दोन्ही डावांत शतकं ठोकली, तेव्हा त्याच गावसकरांनी तीन वेळा ‘सुपर्ब’ म्हटलं.

वरवर पाहता हेही निकाल बघून बदललेलं मत वाटेल. मला तसं वाटत नाही, आणि मराठी समालोचकांनी इथूनच धडा घ्यावा असं मला वाटतं. मेलबर्नला गावसकर नुसते रागावले नव्हते, त्यांनी कारण दिलं होतं. आधीच्याच चेंडूवर तोच फटका चुकला होता आणि चेंडू अंगावर बसला होता. त्या फटक्यासाठी मागे क्षेत्ररक्षक लावून ठेवले होते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने सापळा लावलेला दिसत होता, सावध व्हायला वेळ होता, संघाला त्या क्षणी टिकून राहण्याची गरज होती. हे सगळं चेंडू पडायच्या आधी खरं होतं. तो झेल सुटला असता तरी ही टीका तशीच उभी राहिली असती. कोणी शब्दांच्या कडकपणाबद्दल वाद घालू शकतो, मलाही तो शब्द तिखट वाटला. पण निवाडा कारणांवर होता. आपल्याकडे ‘आततायी’ म्हणणाऱ्या समालोचकाने क्षेत्ररचना किती वेळा सांगितली आहे? सांगितली असेल तर त्याने तो शब्द जरूर वापरावा. नसेल तर ‘उंच मारायला गेला आणि झेल दिला’ एवढं पुरे आहे.

झटपट हा शब्दही एकदा तपासून घ्यायला हवा, जरी त्यात अन्याय कमी आणि गोंधळ जास्त आहे. ‘सर्वात वेगवान शतक’ म्हणताना आज आपण चेंडू मोजतो, घड्याळ नाही. दोन्हींचं उत्तर एकच येतं असं नाही. कसोटीत सर्वात कमी चेंडूंचं शतक ब्रेंडन मॅक्युलमचं, २०१६ मध्ये ख्राइस्टचर्चला ५४ चेंडूंत. मिनिटांत मोजलं तर मात्र मान अजूनही ऑस्ट्रेलियाच्या जॅक ग्रेगरीचा, १९२१ मध्ये जोहान्सबर्गला ७० मिनिटांत. कारण सरळ आहे, तेव्हा षटकं भराभर टाकली जायची. समालोचकाने ‘५४ चेंडूंत’ म्हटलं की काम भागतं. ‘अवघ्या काही मिनिटांत शतक’ असं जोशात म्हणून टाकलं, तर ते बहुधा खोटं असतं.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो मला हलका वाटत नाही. थेट समालोचन करणाऱ्याला विचार करायला वेळ कुठे असतो? चेंडू सुटला, लागला, पळाले, फेकला, बाद. पाच-सहा सेकंदांत सगळं. त्यात जात तपासून शब्द निवडणार कोण?

याचं उत्तर मराठीच्या घडणीतच आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘चटकन वाकला, उचलला, सपकन फेकला...’ यात चटकन आणि सपकन हे क्रियेच्या आधी, निकालाच्या तर फारच आधी बोलावे लागतात. त्या क्षणी समालोचकाला निकाल माहीत नसतो, म्हणून त्याला डोळ्यांवर विश्वास ठेवून बोलावंच लागतं. झटकन, झपकन, गर्रकन, सर्रकन, सुसाट, सणसणत, भराभर, लगबगीने, रेंगाळत हे शब्द आपल्याकडे ढिगाने आहेत, आखूड आहेत, आणि प्रत्येकाची चाल वेगळी आहे. गर्रकन वळतात, सर्रकन घसरतात, चेंडू सणसणत जातो, माणूस सुसाट पळतो. आकाशवाणीवरच्या समालोचनाची ताकद यातच होती. ऐकणाऱ्याला चित्र मिळायचं आणि निवाडा त्याच्यावर सोडलेला असायचा. थेट क्षणासाठी हे शब्द पुरेसे आहेत, शिवाय ‘घाई केली’पेक्षा त्यांना वेळही कमी लागतो. निवाड्याचे शब्द थेट क्षणासाठी नाहीतच.

ते शब्द आहेत फेरचित्रणासाठी. दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर आता प्रत्येक गडी बाद झाल्यावर तीन-चार कोनांतून संथ गतीने सगळं दिसतं आणि समालोचकाला चांगला अर्धा मिनिट मिळतो. धावबाद असेल तर त्या अर्ध्या मिनिटात बघायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. हाक कोणाची होती? येस, नो, वेट यातली कोणती, आणि ती किती लवकर आली? गोलंदाजाच्या टोकाचा फलंदाज चेंडू सुटताना क्रीजच्या किती पुढे होता? क्षेत्ररक्षकाचा भक्कम हात कोणता आणि चेंडू त्याच्या कोणत्या बाजूला गेला? पहिली धाव घेताना वळणं नीट झालं की दोन पावलं जास्त गेली? हे बघितल्यावर कळतं की चूक पायांची होती, हाकेची होती, की चूक नव्हतीच. बहुतेक धावबादांमध्ये मला तरी हाक उशिरा आलेली दिसते. ‘वेट’ म्हणून थांबवलेला माणूस मग ‘येस’ ऐकून पळतो आणि बाद होतो, आणि घाईचा शिक्का मात्र पळणाऱ्यावर बसतो.

इंग्रजी शब्दांशी माझं भांडण नाही हे स्पष्ट करतो, कारण मराठी समालोचनाची चर्चा लगेच तिकडे वळते. फास्ट बोलर म्हणा, क्विक सिंगल म्हणा, शिवाजी पार्कवरची पोरं तसंच म्हणतात आणि ते सगळ्यांना कळतं. पूर्वी द्रुतगती गोलंदाज म्हणायचे, तो शब्द मला आवडतो, पण तो परत आणल्याने माझी तक्रार सुटणार नाही. ‘फास्ट खेळला आणि आउट झाला’ आणि ‘द्रुतगतीने खेळला आणि बाद झाला’ या दोन वाक्यांत सांगायची गोष्ट सारखीच हुकली आहे. तो आधी पोहोचला की उशिरा, त्याच्याकडे वेळ होता की नव्हता, हे दोन्हीकडे गायब आहे.

माजी खेळाडू समालोचक झाले याचा मला सर्वात जास्त फायदा इथेच दिसतो. नॉन-स्ट्रायकरला उभं राहून सहकाऱ्याच्या हाकेची वाट बघण्याची धास्ती त्यांनी अंगावर घेतलेली आहे. १४५ चा बाउन्सर नाकापाशी येतो तेव्हा वेळ कुठे जातो हे त्यांना ठाऊक आहे. प्रसारण कंपन्यांनी त्यांना थेट चेंडूवर कमी आणि फेरचित्रणावर जास्त बोलू द्यावं. थेट चेंडू शब्दांवर हुकूमत असलेल्या माणसाने सांगावा आणि ‘घाई होती का?’ हा प्रश्न त्याने शेजारी बसलेल्या खेळाडूला विचारावा. खेळाडूने ‘हो’ म्हटलं तर त्याला लगेच पुढचा प्रश्न विचारावा: ‘त्याच्याकडे किती वेळ होता?’